पी-टू-पी ॲपवरून एक लाखाचं कर्ज घेतेय, व्याज 24 टक्के सांगतायत, खरं किती पडेल?

शिवणघर_सांगली
नमस्कार मंडळी. माझं सांगलीत शिवणकामाचं छोटं युनिट आहे, घराच्याच खालच्या खोलीत, मी आणि तिघीजणी कामाला, शाळांचे गणवेश शिवतो. यंदा एका शाळेची मोठी ऑर्डर मिळतेय आणि त्यासाठी एक ओव्हरलॉक आणि एक काजाचं मशीन घ्यायचंय, सेकंडहँड बघितली तरी कापड धरून लाखभर लागतील. बँकेत जाऊन आले, रिटर्न एकाच वर्षाचं आहे म्हणून फाईल पुढे सरकत नाही, सिबिल 690 च्या आसपास आहे, मुद्रासाठीपण अर्ज दिलाय पण साहेब बदलले आणि आता नवीन साहेब परत कोटेशन मागतायत.

तर एका पी-टू-पी ॲपवर अर्ज केला, म्हणजे जिथे कंपनी नाही तर साधे लोकच लोकांना कर्ज देतात, तिथे एक लाख मंजूर दाखवतंय. व्याज 24 टक्के, 24 महिने, हप्ता 5,287. प्रोसेसिंग फी 4 टक्के अधिक जीएसटी.

दुसरा पर्याय म्हणजे ओळखीतले एक गृहस्थ आहेत, ते दीड टक्का महिन्याने द्यायला तयार आहेत, तेही 24 महिने, हप्ता 5,667. फी वगैरे काही नाही, पण सहा कोरे चेक आणि स्टॅम्प पेपरवर सही मागतात. आमच्या ह्यांचं म्हणणं दीड टक्का म्हणजे वर्षाला 18, ॲप 24 मागतंय, मग ॲप कशाला? मला हप्ता उलटाच दिसतोय म्हणून डोकं चालेना. कोणी ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर कृपया सांगा, काय काय कापतात, काय त्रास होतो. ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे असं त्यांचा माणूस फोनवर म्हणतोय त्यामुळे लवकर उत्तर दिलंत तर बरं होईल.

गुंतवा_आणि_वाढवा
ताई पी-टू-पी मध्ये सध्या अजिबात पडू नका. मी 2023 मध्ये पैसे टाकले होते, 12 टक्के मिळतील म्हणून, ऑगस्ट 2024 ला रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले आणि पाहिजे तेव्हा पैसे काढायची सोय बंदच झाली, आता कर्जदार जसजसे फेडतील तसतसे थोडे थोडे परत येतात. काही कर्जं बुडालीच. त्यापेक्षा पोस्टात टाका.

शिवणघर_सांगली
दादा मी पैसे टाकत नाहीये, घेतेय :) तुमच्यासारख्यांचे पैसेच मला मिळणार ना?

गुंतवा_आणि_वाढवा
अरे हो, शीर्षक नीट वाचलं नाही. मग माझ्या बाजूने एवढंच सांगतो की तुमचं एक लाख एका माणसाकडून येणार नाही. एकाने एका कर्जदाराला जास्तीत जास्त 50,000 द्यायचे असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात माझ्यासारखे लोक एकेका कर्जात पाचशे-हजारच टाकतात, म्हणजे तुमच्यामागे शंभर सावकार असू शकतात.

आकडेमोड
बारा वर्षं कर्जवाटपाच्या कामात आहे, त्यातली काही एका पी-टू-पी कंपनीत गेली, आता बाहेर आहे. शिवणघर ताई, आधी आज रात्रीची मुदत डोक्यातून काढा. कर्ज देण्याआधी तुम्हाला केएफएस नावाचा कागद द्यावा लागतो, ज्यात दर, फी आणि अटी सगळं एका जागी लिहिलेलं असतं, आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला तो कागद मिळाल्यापासून किमान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी कंपनीला बदलता येत नाहीत. म्हणजे फोनवरचा माणूस टार्गेटसाठी घाई करतोय. केएफएस आला असेल तर तारीख बघा, आला नसेल तर आधी तो मागा आणि तो येईपर्यंत कुठेही ओटीपी देऊ नका.

आता व्याज. तुमच्या ह्यांचा गोंधळ अगदी नेहमीचा आहे. त्या गृहस्थांचा दीड टक्का हा पूर्ण लाखावर शेवटच्या महिन्यापर्यंत चालू राहतो. तुम्ही वर्षभरात अर्धे फेडले तरी व्याज लाखावरच. 1,500 गुणिले 24 म्हणजे 36,000 व्याज. ॲपचं व्याज शिल्लक रकमेवर आहे, त्यात पहिल्या महिन्याचं व्याज 2,000 असलं तरी शेवटच्या महिन्याचं साधारण शंभर रुपये उरतं, एकूण 26,900 च्या आसपास. म्हणून हप्ता कमी दिसतोय. दोन्ही एकाच मापाने मोजली तर दीड टक्का फ्लॅट म्हणजे शिल्लक रकमेवर वर्षाला साडेएकतीस टक्के पडतात.

पण ॲपचेही 24 नाहीत. फी 4,000, त्यावर जीएसटी 720, हे 4,720 आधीच कापून तुमच्या खात्यात 95,280 येणार आणि हप्ता मात्र लाखाचा भरणार. मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(24,-5287,95280)*12
```

उत्तर 29.2 टक्क्यांच्या आसपास येईल. केएफएसवर एपीआर म्हणून जो आकडा असतो तो हाच असायला हवा. तिथे 24 च लिहिलं असेल तर फी त्यात धरलेली नाही, आणि ते चूक आहे, विचारा.

शिवणघर_सांगली
केलं, 29.18 आलं. आणि त्या गृहस्थांचं केलं `=RATE(24,-5667,100000)*12` तर 31.46. म्हणजे फरक दोनच टक्क्यांचा आहे तर. मला वाटलं होतं ॲप बरंच स्वस्त निघेल. केएफएस ईमेलवर आलाय, त्यात एपीआर 29.18 लिहिलंय म्हणजे इतपत तरी खरं बोलतायत. आणि मुदतीच्या जागी परवाची तारीख आहे, आज रात्रीची नाही!

मिलिंद_नाशिक
माझा अनुभव सांगतो, व्याजाचं सगळे बोलतात पण मला खरा फटका बाउन्सचा बसला. मी सातपूरला कंपनीत आहे, हप्त्याची तारीख 5, पगार 7 ला व्हायचा कधी 10 ला. सुरुवातीलाच त्यांना म्हटलं तारीख 12 करा तर म्हणाले नंतर ॲपमधून बदलता येईल, ती काही बदलता आली नाही. एका महिन्यात पगार लांबला आणि 5 तारखेला नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, बाउन्स झाला, माझ्या बँकेने 500 अधिक जीएसटी असे 590 कापले. मग त्यांनी न सांगता 8 ला परत टाकला, परत बाउन्स, परत 590. प्लॅटफॉर्मचा दंड वेगळा 450. म्हणजे साडेतीन हजाराच्या हप्त्यापायी सोळाशेच्या वर गेले आणि हप्ता भरायचा तसाच राहिला. शिवाय सिबिलला उशिराची नोंद. हे कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये येत नाही.

आकडेमोड
मिलिंदराव बरोबर मुद्दा काढलात. एपीआरमध्ये बाउन्स आणि दंड धरतच नाहीत, कारण ते लागतीलच असं नसतं. पण केएफएसमध्ये खाली वेगळ्या रकान्यात लिहावे लागतात. ताई तो रकाना इथे टाका. दंडावर परत व्याज चढवायला 2024 पासून मनाई आहे, आणि दंड म्हणून व्याजाचा दर वाढवणंही बंद आहे, ठरलेली दंडाची रक्कम तेवढी घेता येते.

आणि तुमच्या धंद्यात हाच मोठा धोका आहे. शाळेचे पैसे कधी येतात?

शिवणघर_सांगली
रकान्यात असं आहे: हप्ता बाउन्स 500 अधिक जीएसटी, उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर महिना 2 टक्के, वसुलीसाठी घरी माणूस पाठवला तर "प्रत्यक्ष खर्च" आणि त्यापुढे आकडाच नाही.

शाळा ॲडव्हान्स देत नाही. माल मे अखेर द्यायचा, शाळा जूनमध्ये सुरू होणार, आणि बिल निघायला जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट. मशीन मार्च अखेरीला हवं. म्हणजे एप्रिलपासून हप्ता सुरू होईल आणि पैसे ऑगस्टमध्ये. मधल्या काळात ब्लाउज आणि फॉल-पिकोचं येतं पण ते घरखर्चात जातं.

आकडेमोड
मग एप्रिल ते जुलै चार हप्ते तुम्ही कर्जाच्याच पैशातून भरणार, हे धरून चला. 5,287 चे चार हप्ते म्हणजे 21,148. हातात येणार 95,280, त्यातून हे बाजूला ठेवले तर मशीन आणि कापडासाठी 74,000 च्या थोडं वर उरतात. तेवढ्यात काम होणार असेल तर कर्ज झेपेल. पूर्ण 95 हजार मशीन-कापडात घातले तर एप्रिलमध्येच पहिला बाउन्स ठरलेला आहे, आणि तोही नेमका मशीन रात्रंदिवस चालू असताना.

जे बाजूला ठेवाल ते ज्या खात्यातून नॅच जातो त्याच खात्यात राहू द्या आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेवा.

विदर्भवासी
ताई एक सांगू का, ह्या ॲपवाल्यांना घाबरायचं काहीच कारण नाही. महाराष्ट्रात सावकारी कायदा 2014 चा आहे, ज्याच्याकडे सावकारीचा परवाना नाही त्याचं कर्ज बेकायदेशीर. पी-टू-पी वर पैसे देणारे सगळे साधे लोक, कोणाकडे परवाना आहे? उद्या अडचण आली तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज टाकायचा आणि नॅच मँडेट बँकेतून कॅन्सल करून टाकायचा, काही करू शकत नाहीत. माझ्या मित्राने असंच केलं, वर्ष झालं कोणी आलं नाही.

न्यायाधार
विदर्भवासी, अर्धं बरोबर आहे तुमचं आणि अर्धं ताईंना गोत्यात आणणारं आहे. ते गृहस्थ जे कोरे चेक मागतात, त्यांच्याकडे परवाना नसेल तर ती अवैध सावकारी आणि तिथे उपनिबंधकाकडे जाता येतं, हे खरं. 2014 च्या कायद्यानुसार परवाना असलेल्या सावकारालाही हवं तेवढं व्याज लावता येत नाही, दरावर सरकारची मर्यादा आहे.

पण पी-टू-पी कंपनी ही रिझर्व्ह बँकेकडे नोंदवलेली एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी असते, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांखाली चालते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत सांगितलं की एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. आता खरा प्रश्न असा की इथे कर्ज एनबीएफसी देतच नाही, मागचे लोक देतात, मग त्या लोकांना राज्याचा कायदा लागतो की नाही. ह्यावर वकिलांमध्येच दोन मतं आहेत आणि मी त्यावर कुणाला हप्ता थांबवायचा सल्ला देणार नाही.

मँडेटचं तर बिलकुल करू नका. खात्यात पैसे नाहीत म्हणून ऑटो-डेबिट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 लागतं, चेक बाउन्ससारखंच, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा रकमेच्या दुप्पटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. अडचण आली तर मँडेट चालू ठेवून लेखी कळवणं आणि जेवढं जमेल तेवढं भरणं, हे केव्हाही बरं. तुमच्या मित्राचं सिबिल आज काढून बघा म्हणावं.

विदर्भवासी
मित्राला विचारतो. पण जे लोक 30 टक्के घेतात त्यांना कायदा नाही आणि गावातल्या सावकाराला आहे हे मला पटत नाही, तेवढं माझं मत राहील.

न्यायाधार
पटत नाही हे समजू शकतो. पण ताईंना आज सही करायची आहे म्हणून आज जे आहे ते सांगितलं.

अनुजा_ठाणे
मी आधी वसुलीच्या कॉल सेंटरला होते, पी-टू-पी चीच कर्जं असायची. शंभर सावकार म्हणजे काय होतं ते सांगते कारण कर्ज घेताना हे कोणाच्याच लक्षात येत नाही. बँकेचं कर्ज थकलं तर तुम्ही मॅनेजरला भेटता, रडता, तो दोन महिने सवलत देतो, हप्ता कमी करून मुदत वाढवतो. इथे प्लॅटफॉर्म स्वतः देणारा नाहीच, तो मधला. व्याज माफ करायचं किंवा मुदत वाढवायची तर पैसे मागच्या लोकांचे, त्यांची संमती लागते, आणि शंभर लोकांना विचारणार कोण. त्यामुळे आमच्या स्क्रिप्टमध्ये सवलत हा शब्दच नव्हता, आम्ही फक्त आज किती भरता एवढंच विचारायचो. लोक तासभर परिस्थिती सांगायचे, ऐकून वाईट वाटायचं, पण माझ्या हातात द्यायला काही नव्हतं.

दुसरं, फोनची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 7, त्याच्या बाहेर वसुलीचा फोन आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि कॉल रेकॉर्ड करा. नातेवाईकांना, शेजाऱ्यांना फोन करून सांगायचं नसतं. आणि ॲप टाकताना कॉन्टॅक्ट लिस्ट किंवा गॅलरीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा, नोंदणी असलेल्या कंपनीच्या ॲपला ती मागता येत नाही, केवायसीपुरता कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन एवढंच, तेही एकदाच.

सराफकट्टा
माझं हार्डवेअरचं दुकान आहे कराडला. मी असं कर्ज दीड वर्षापूर्वी घेतलं, दोन हप्ते मागे पडले तर एका पैसे देणाऱ्याचा थेट मला फोन! म्हणे माझे दोन हजार तुमच्याकडे अडकलेत. त्याला माझं नाव आणि दुकान कसं कळलं? मला तर त्याचं नाव कधी दाखवलंच नाही.

आकडेमोड
नियमच तसा एकतर्फी आहे. देणाऱ्याला कर्जदार कोण, किती मागतोय, स्कोअर किती हे दाखवतात. कर्जदाराला देणाऱ्याने किती रक्कम आणि किती दराने दिली एवढंच, त्याची ओळख आणि फोन नंबर नाही. तुमचं नाव आणि गाव कळलं की दुकान इंटरनेटवर सापडतं. तरी त्याने स्वतः वसुली करायची नसते, त्याचं काम प्लॅटफॉर्ममार्फत.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, असा कोणी म्हणाला की माझे दोन हजार मला जीपे करा मी तुमचं मिटवतो, तर करू नका. पैसे विश्वस्ताच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यातूनच फिरतात, रोख तर पूर्ण बंद आहे. बाहेर दिलेला रुपया तुमच्या कर्जखात्यात जमाच होणार नाही.

सराफकट्टा
मी तेव्हा भीतीने दिले असते, बायकोने अडवलं.

मिलिंद_नाशिक
कंपनी बंद पडली तर? आमच्या ओळखीत एकाचं ॲप उघडेनासं झालं, मग कुणाचा तरी व्हॉट्सॲप आला की नवीन एजन्सी आहे ह्या क्यूआरवर हप्ता भरा.

आकडेमोड
कंपनी बंद झाली म्हणून कर्ज मिटत नाही, कारण देणं मागच्या लोकांचं आहे. परवान्याच्या अटीतच आहे की बंद पडलो तरी कर्जाची मुदत संपेपर्यंत हप्त्यांचं काम बघायची व्यवस्था आधीच करून ठेवायची. पण ती व्यवस्था व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवत नाही. कर्जकरारात एस्क्रो खात्याचं नाव आणि बँक असते, नवीन खातं सांगितलं तर लेखी पत्र मागा आणि त्यात विश्वस्ताचं नाव आहे का बघा. तोपर्यंत मँडेट चालू असेल तर खात्यात हप्ता ठेवा, म्हणजे थकवल्याचा आरोप येत नाही.

ताई, तुमच्या ॲपचं कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या एनबीएफसी-पी2पी यादीत आहे का ते पाहिलंत? ॲपचं नाव वेगळं आणि कंपनीचं वेगळं असतं, केएफएसवरचं कंपनीचं नाव शोधा.

शिवणघर_सांगली
पाहिलं, यादीत आहे, नोंदणी क्रमांकही केएफएसशी जुळतो. पण त्यांनी अर्ज करतानाच 500 रुपये रजिस्ट्रेशन घेतलेत, त्याचं काय? ते ह्या 29.18 मध्ये नाहीत.

विदर्भवासी
आधी पैसे मागतो तो फ्रॉडच. हे तर मला पक्कं माहीत आहे.

अनुजा_ठाणे
एवढं सरळ नाही. नोंदणी असलेल्या काही कंपन्यापण अर्जाची फी आधी घेतात, आणि पूर्ण रकमेला पैसे देणारे लोक मिळाले नाहीत तरी ती परत देत नाहीत. फ्रॉडची खूण म्हणजे मंजुरी दाखवून मग विमा, एनओसी, जीएसटी अशा नावाने दर दोन दिवसांनी नवीन रक्कम मागणं, आणि तीही कोणाच्या तरी व्यक्तिगत यूपीआयवर. ताईंनी 500 कुठे भरले, कंपनीच्या नावाचं खातं होतं का आणि पावती आली का ते महत्त्वाचं.

शिवणघर_सांगली
कंपनीच्या नावावरच गेले, जीएसटीची पावती आहे. धरून मोजलं तर 29.7 टक्के येतात.

अजून एक विचारते. शाळेचे पैसे ऑगस्ट-सप्टेंबरला आले की मी सगळं एकदम फेडून टाकू का? म्हणजे सहा हप्त्यांनंतर. मग व्याज वाचेल ना?

आकडेमोड
रुपयात वाचेल, टक्क्यात महाग पडेल, दोन्ही खरं आहे. सहा हप्ते भरल्यावर मुद्दल शिल्लक साधारण 79,265 असेल. ते फेडलंत तर पुढच्या अठरा हप्त्यांतलं जवळपास 15,900 व्याज वाचतं. पण फी 4,720 दोन वर्षांसाठी म्हणून घेतली होती, ती सहा महिन्यांतच संपली. त्यामुळे त्या सहा महिन्यांच्या वापराचा दर काढला तर वर्षाला 35 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ज्याला माहीत आहे की आपल्याला पाच-सहा महिन्यांचीच गरज आहे त्याने फी किती कमी होते ह्यावरच भांडावं, व्याज एक टक्का कमी करून घेण्यात काही हाती लागत नाही. फी 4 ची 2 टक्के झाली तर तुम्हाला 2,360 लगेच वाचतात.

मुदतीआधी फेडायचा आकार केएफएसमध्ये बघा, तो लागत असेल तर हिशोब परत करावा लागेल.

गुंतवा_आणि_वाढवा
माझ्या बाजूने सांगतो, कर्जदाराने लवकर फेडलं तर आमचं व्याज जातं म्हणून काही देणाऱ्यांना आवडत नाही, पण करारात तरतूद असेल तर कोणी अडवू शकत नाही.

शिवणघर_सांगली
मुदतीआधी फेडायला तीन हप्त्यांपर्यंत मनाई, नंतर शिल्लक मुद्दलावर 3 टक्के अधिक जीएसटी. म्हणजे 79,265 वर 2,378 आणि जीएसटी 428, साधारण 2,800. तरी 13,000 वाचतात.

सराफकट्टा
ताई सोनं आहे का थोडं? गोल्ड लोन निम्म्याहून कमी व्याजात होतं, आणि सिबिल बघत नाहीत फारसं. माझं दुसरं कर्ज मी तसंच केलं, व्याज वर्षाअखेरीला एकदम भरायचं होतं त्यामुळे दर महिन्याचं टेन्शन गेलं. नाहीतर तुमच्या भागातली पतसंस्था.

शिवणघर_सांगली
सोनं आहे पण सासूबाईंचं, आणि ते विचारायला जीभ रेटत नाही. पतसंस्थेत दोन जामीनदार मागतात, एक तयार आहे.

न्यायाधार
जामीनदार मिळत असेल तर पतसंस्थेचा व्याजदर विचारून या, पण फ्लॅट की शिल्लक रकमेवर हे आधी विचारा आणि शेअर्ससाठी किती कापतात तेही, नाहीतर परत तोच गोंधळ. गृहस्थांच्या कोऱ्या चेकवर मात्र काहीही झालं तरी सही करू नका, त्या चेकवर उद्या कितीही रक्कम लिहून चेक बाउन्सचं कलम 138 लावता येतं आणि मग मी एवढे घेतलेच नव्हते हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

अनुजा_ठाणे
ॲपचं कर्ज घेतलंच आणि पैसे खात्यात आल्यावर पतसंस्थेचं झालं, तर कूलिंग-ऑफची सोय असते. किमान एक दिवस द्यावाच लागतो, तुमच्या केएफएसवर किती दिवस आहेत बघा. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड नाही. फक्त प्रोसेसिंग फी ते ठेवून घेऊ शकतात, तसं केएफएसवर आधी लिहिलेलं असेल तर.

शिवणघर_सांगली
तीन दिवस लिहिलेत, आणि फी परत नाही असंही लिहिलंय. म्हणजे ती सोय वापरायला मला 4,720 लागणार.

आत्ता असं करतेय. ह्यांना दोन्ही आकडे दाखवले, गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. पतसंस्थेत उद्या सकाळी जातेय. ॲपवाल्यांना ईमेल केलाय की फी 2 टक्के करा, हप्त्याची तारीख 10 करून ती करारात लिहा, आणि घरी माणूस पाठवायचा "प्रत्यक्ष खर्च" म्हणजे जास्तीत जास्त किती तो आकडा द्या. मशीनवाल्याने एक काजाचं मशीन 10 हजार कमी करून दाखवलंय, त्यामुळे 85 मध्ये भागेल असं वाटतंय, मग कर्जच कमी घेईन.

मिलिंद_नाशिक
तारीख करारात लिहून घेताय ते बेस्ट. फोनवर हो म्हणतात.

आकडेमोड
रक्कम कमी केलीत तर नवीन केएफएस मागा, जुन्यावर सही नको. फीची उत्तरं आली की टाका.

शिवणघर_सांगली
ईमेलचं उत्तर आलं. तारीख 10 करून दिली, नवीन केएफएसमध्ये लिहिलीय. फी 3 टक्क्यांपर्यंत आणतो म्हणाले, 85,000 साठी. प्रत्यक्ष खर्चाच्या प्रश्नाला "कंपनीच्या धोरणानुसार" एवढंच. ह्यावर तक्रार करता येते का, का हे चालतं?

आकडेमोड
आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, नाव आणि ईमेल केएफएसवर आहे. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा असंच मोघम आलं तर cms.rbi.org.in वर टाकता येतं. छोट्या पी-टू-पी कंपन्या लोकपाल योजनेत बसतील असं नाही, मग ती रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विभागाकडे जाते, पण अर्ज त्याच पोर्टलवर. माझं मत विचाराल तर केएफएसमध्ये नसलेला आकार कर्ज चालू असताना तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, आणि आकड्याशिवायचा "प्रत्यक्ष खर्च" हा आकार लिहिला असं मी मानत नाही. न्यायाधार, तुम्हाला काय वाटतं?

न्यायाधार
मी तेवढा ठाम नाही. रकान्यात नाव आहे, आकडा नाही, कंपनी म्हणेल आम्ही कळवलं होतं. ताई तो ईमेल आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा, तुम्ही सही करायच्या आधी आकडा मागितला होता ही नोंद उद्या उपयोगी पडेल. पतसंस्थेत काय दर सांगितला?

शिवणघर_सांगली
14 टक्के, शिल्लक रकमेवर, शेअर्सचे 2,500 कापणार ते शेवटी परत. पण कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात 8 तारखेला आहे, आणि मशीनवाला 5 पर्यंतच थांबतोय. उद्या त्याच्याशी बोलते, टोकन देऊन तीन-चार दिवस सरकवतो का बघते. दुसरा जामीनदार कोण घ्यावा हाही प्रश्न आहेच, गृहिणी चालत नाही म्हणाले, पगाराची स्लिप लागते.

सराफकट्टा
शाळेतलाच कोणी शिक्षक होईल का जामीन? त्यांनाच गणवेश वेळेवर हवेत.